जेरुसलेमचं हासेकी सुलतान अन्नछत्र: एका वक्फचा पैसा कुठून यायचा आणि कुठे अडायचा

वक्फ म्हटलं की आपल्याकडे लगेच जमीन, किती एकर, कुणाच्या ताब्यात, कोर्टात केस कुठली, हेच डोळ्यासमोर येतं. पण इतिहासातल्या मोठमोठ्या वक्फांचे कागद वाचायला घेतले की वेगळीच गोष्ट दिसते. त्यातले कितीतरी वक्फ जमिनीच्या मालकीवर नाही तर त्या जमिनीच्या साऱ्यावर उभे होते. म्हणजे शेत कसणारा शेतकरी तोच, गाव तेच, फक्त राजाला जायचा तो वाटा आता मशिदीला, मदरशाला नाहीतर अन्नछत्राला जायचा. आणि हे एकदा लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, की सारा वसूल कोण करतंय? कारण ज्याच्या हातात वसुली त्याच्या हातात त्या अन्नछत्राचं भांडं.

हे नीट समजून घ्यायला मी एकच केस घेतोय, जेरुसलेममधलं हासेकी सुलतानचं, म्हणजे ऑटोमन सुलतान सुलेमानच्या बायकोचं अन्नछत्र. 1552 सालचं आहे, कागदपत्रं भरपूर शिल्लक आहेत, आणि ऑटोमन, मग ब्रिटिश, मग आत्तापर्यंत, सगळ्या राजवटींतून ते गेलंय.

आधी दोन मिनिटं मूळ कल्पनेवर घालवू, नाहीतर पुढचं हवेत जाईल. परंपरा अशी की उमर, जे पुढे दुसरे खलिफा झाले, त्यांना खैबरला चांगली जमीन मिळाली आणि त्यांनी पैगंबरांना विचारलं की हिचं काय करू, तर उत्तर मिळालं की मूळ जमीन थांबवून ठेव आणि फळ दान कर. झालं, सगळा वक्फ कायदा याच्यावर उभा आहे. मूळ मालमत्ता विकायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, आणि तिचं जे उत्पन्न येईल ते देणाऱ्याने लिहून ठेवलेल्या कामाला कायमचं लावायचं. देणारा एक वक्फपत्र करतो, त्यात कामं लिहितो, कारभार बघायला मुतवल्ली नेमतो, आणि मुतवल्लीवर काझीची नजर. अजून एक नियम आहे जो लोकं विसरतात आणि जो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: उत्पन्नातून पहिला खर्च दुरुस्तीचा. वक्फपत्रात लिहिलेलं नसलं तरी. छप्पर गळत असेल तर आधी छप्पर, मग पगार, मग जेवण. हा नियम मोडायला लागला की समजायचं वक्फ आजारी आहे.

जेरुसलेमला हा प्रकार हासेकीच्या आधीपासून जोरात होता. 1187 मध्ये सलाहुद्दीनने शहर घेतलं आणि क्रुसेडवाल्यांच्या सेंट अ‍ॅन चर्चचा मदरसा केला, सुफींसाठी खानकाह म्हणजे मठ केला, दवाखाना काढला, आणि प्रत्येकाच्या मागे वक्फ लावून दिला. मग इजिप्तचे ममलूक राज्यकर्ते आले. त्यांच्या काळातला दमास्कसचा गव्हर्नर तनकीझ, त्याने 1328-29 च्या सुमारास हरमच्या, म्हणजे अल-अक्साच्या पवित्र आवाराच्या भिंतीला लागून मदरसा बांधला आणि थोड्याच वर्षांत जवळच कापूसवाल्यांचा बाजार उभारला, सूक अल-कत्तानीन, जो आजही तिथे आहे. त्या दुकानांचं भाडं काही हरमला आणि काही त्याच्या मदरशाला. हे मॉडेल एकदम साधं आणि मजबूत: दुकान शेजारी, भाडेकरू समोर, मुतवल्ली संध्याकाळी चालत जाऊन भाडं आणू शकतो. आणि एक लक्षात घ्या, 1340 मध्ये सुलतानाची मर्जी फिरली, तनकीझला पकडलं आणि ठार मारलं, त्याची खासगी संपत्ती जप्त झाली, पण मदरसा चालू राहिला. ममलूक अमीर एवढे वक्फ का करत होते त्याचं एक मोठं कारण इथे दिसतं. त्यांचं पद मुलांना वारशाने जात नव्हतं आणि संपत्ती कधी जप्त होईल त्याचा नेम नाही, मग वक्फ करायचा, पुण्यही लागतं, नावही राहतं, आणि वक्फपत्रात मुलाबाळांना देखरेखीची जागा किंवा उरलेल्या उत्पन्नात वाटा लिहून ठेवला की घरही चालतं. श्रद्धा खरी होती आणि हिशोबही खरा होता. मला यात काही विसंगती वाटत नाही.

सुलतानाच्या बायकोकडे गावं आली कुठून

डिसेंबर 1516 मध्ये ऑटोमन सुलतान सलीम पहिला याच्या फौजेने जेरुसलेम घेतलं. त्याचा मुलगा सुलेमान याने शहरावर खूप खर्च केला, आज जी तटबंदी दिसते ती 1537 ते 1541 च्या दरम्यानची त्याचीच, पाण्याची व्यवस्था, ठिकठिकाणी पाणपोया, डोम ऑफ द रॉकच्या बाहेरच्या टाइल्स, सगळं त्याच्या काळातलं. आणि त्याची बायको हुर्रेम, जिला युरोपात रोक्सेलाना म्हणतात, गुलाम म्हणून राजवाड्यात आली, सुलतानाने तिला मोकळं करून रीतसर लग्न केलं, जे त्या घराण्यात तेव्हा कुणी करत नव्हतं. हासेकी ही तिची पदवी. इस्तंबूलमध्ये तिने आधीच मशीद, मदरसा, अन्नछत्र, दवाखाना असं संकुल केलेलं होतं. जेरुसलेमचं त्यानंतरचं.

जागा निवडली ती ममलूक काळातली एक जुनी हवेली, सित्त तुनशुक नावाच्या बाईंची, चौदाव्या शतकाच्या शेवटची, दगडाचं देखणं काम. तिला जोडून मशीद, 55 खोल्या, स्वयंपाकघर, भटारखाना, जेवायची जागा, कोठारं, आणि वाटसरूंची जनावरं बांधायला सराई. लोकं त्याला तकिया म्हणायला लागली, तो चढ आजही अकबत अत-तकिया म्हणूनच ओळखतात. वक्फपत्राची तुर्की प्रत मे 1552 ची आहे आणि अरबी प्रत 1557 ची, म्हणजे हुर्रेमच्या मृत्यूच्या साधारण वर्षभर आधीची.

आता पैशाकडे येऊ. रमला आणि लुदच्या मैदानातली गावं, लुद स्वतः, याझूर, बैत दजन, साफिरिया, कफर आना, असं करत बरीच. शिवाय वर लेबनॉनकडे त्रिपोली शहर आणि आसपासची काही मिळकत, त्यात दुकानं, गिरण्या, साबणाचे कारखाने. जेरुसलेममध्ये बायकापुरुषांचं वेगवेगळं असं दुहेरी हमामसुद्धा. हुर्रेम गेल्यावर सुलेमानने स्वतः अजून गावांची भर घातली.

पण थांबा. ही गावं हुर्रेमची कशी? शरीयतचा साधा नियम आहे, जे तुमच्या मालकीचं तेच तुम्ही वक्फ करू शकता. आणि ऑटोमन राज्यात शेतजमीन बहुतेक मीरी, म्हणजे सरकारची. शेतकऱ्याला कसायचा हक्क, सरकारला उत्पन्नाचा वाटा, आणि तो वाटा गोळा करायचं काम घोडेस्वार सिपाहीला, त्याच्या पगाराच्या बदल्यात. म्हणून सुलेमानने आधी सनद काढून ती गावं हुर्रेमच्या नावावर केली, खासगी मालमत्ता म्हणून, आणि मग तिने ती वक्फ केली. दोन पायऱ्या. कागदावर चोख.

प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या दृष्टीने बदललं काय? नांगर त्याचाच, विहीर त्याचीच, फक्त खळ्यावर सिपाहीच्या माणसाऐवजी वक्फचा माणूस यायला लागला. आपल्याकडची जुनी देवस्थान इनामं आठवा, जिथे गाव देवाला इनाम म्हणजे बऱ्याचदा गावचा सारा देवाला इनाम, तसलाच हा मामला. पुढे तीनशे वर्षांनी वकील लोकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं की बाबांनो, सुलतानाने जमीन दिली होती की जमिनीचा कर दिला होता? ते पुढे येईलच.

खळ्यापासून वाडग्यापर्यंत

मला या केसमध्ये सगळ्यात आवडलेला भाग हा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. लुदच्या एखाद्या खळ्यावरचं गव्हाचं एक पोतं घ्या आणि त्याच्यामागे चालत राहा.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापणी, मळणी, आणि खळ्यावर धान्याची रास. वाटे मोजून होईपर्यंत रास कुणी उचलायची नाही. वक्फचा वसुली करणारा येतो, गावचे म्हातारे जाणते उभे राहतात, आणि ठरलेला हिस्सा वेगळा होतो. हिस्सा गावागणिक वेगळा, कुठे तिसरा, कुठे चौथा, कुठे पाचवा, तो सरकारी मोजणीच्या दफ्तरात लिहिलेला. ऑलिव्हच्या झाडांचं, बकऱ्यांचं, मधमाश्यांच्या पोळ्यांचं वेगळं. आणि एखाद्या गावात सगळा वाटा एकाचा नसेलच असंही होतं, गावचं उत्पन्न 24 किरातांत मोजायची पद्धत होती, मग इतके किरात या वक्फचे, तितके दुसऱ्या कुणाचे. अशा गावात खळ्यावर दोन तीन वसुलीवाले एकदम उभे. भांडणं होणारच, आणि ती झाली की काझीकडे जाणार.

मग ते पोतं वर चढवायचं. लुद समुद्रसपाटीजवळच्या मैदानात, जेरुसलेम साधारण 750 मीटर उंचीवर डोंगरात, मधे चाळीसेक किलोमीटर घाटाचा रस्ता, उंट आणि गाढवं. वाहतुकीचा खर्च वक्फचाच. त्रिपोलीचं तर विचारूच नका, ते अजून लांब, तिथून धान्य आणायचं की तिथे विकून रोख आणायची हे मुतवल्लीने त्या वर्षीचा भाव बघून ठरवायचं, आणि इथेच मुतवल्ली हुशार आहे की नाही ते कळतं. कारण पीक वर्षातून एकदा येतं आणि जेवण रोज दोनदा घालायचं असतं. कोठारात किती ठेवायचं, किती विकून तूप, तांदूळ, कांदे, हरभरे, सरपण घ्यायचं, चुकलं की हिवाळा संपता संपता कोठार रिकामं आणि बाजारात गहू सगळ्यात महाग. तेव्हा विकत घ्यावा लागला तर आख्ख्या वर्षाचं गणित झोपतं.

स्टाफ पन्नासेक जणांचा. मुतवल्ली, हिशोबाचा कारकून, वसुलीवाले, कोठारी, आचारी आणि त्यांचे मदतनीस, भटारी, गहू पाखडणारा, तांदूळ निवडणारा, भांडी घासणारा, दरवान, मशिदीचा इमाम, बांग देणारा. प्रत्येकाचा रोजचा पगार आणि प्रत्येकाचं काम वक्फपत्रात लिहिलेलं. ते वाचताना मला खरंच भरून आलं होतं, की कुणीतरी साडेचारशे वर्षांपूर्वी इतक्या बारकाईने विचार केला की तांदळातले खडे निवडायला स्वतंत्र माणूस पाहिजे आणि त्याचा पगार कायमचा ठरवून ठेवायला पाहिजे.

सकाळी तांदळाचं सूप, त्यात तूप, हरभरे, पार्स्ली, आणि मोसम बघून भोपळा, दही, लिंबू असं काहीतरी. संध्याकाळी भरडलेल्या गव्हाचं, त्यात कांदा, हरभरे, जिरं, तूप. सोबत रोटी. गुरुवारी रात्री, म्हणजे त्यांच्या हिशोबाने शुक्रवार लागला की, आणि रमजानच्या रात्री आणि सणाला, मटण घातलेला भात आणि केशर मध घातलेला गोड भात, झेरदे. हे शाही जेवण, इस्तंबूलच्या अन्नछत्रांत जे सणाला शिजायचं तेच इथे. सुलतानाची बायको गरिबाला जेवायला घालते तर तिच्या नावाला साजेसं घालते, हा त्यातला संदेश.

जेवणार कोण? स्टाफ, 55 खोल्यांत उतरलेली माणसं, आणि 400 गरीब गरजू. पंगतीला क्रम होता, आधी आतला स्टाफ, मग खोल्यांतले, आणि गरिबांची पाळी त्यांच्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुढचं दुखणं इथूनच सुरू होतं.

कुठे बिघडलं

वक्फ बुडाला म्हणजे कुणीतरी पैसे खाल्ले असं आपण पटकन म्हणतो. खाल्ले जात होते, त्याच्या तक्रारी आहेत, मुतवल्ली बदलले जात होते. पण या केसमध्ये मला तीन गोष्टी त्याहून मोठ्या वाटतात आणि तिन्ही एकमेकींत अडकलेल्या आहेत.

पहिली, उत्पन्न फार दूर आणि फार नाजूक. तनकीझचं दुकान पळून जात नाही, शेतकरी पळून जातो. दुष्काळ पडला, टोळधाड आली, भटक्या टोळ्यांनी रस्ता अडवला, सरकारने युद्धासाठी वरून जादा पट्टी लावली, की कुटुंब रातोरात दुसऱ्या गावी नाहीतर शहरात. खळं रिकामं. काझीच्या दफ्तरात अशा पळालेल्या शेतकऱ्यांना परत आणायचे अर्ज येत राहतात. आणि वाईट वर्षी दोन्ही मार एकदम बसतात, कारण ज्या वर्षी गावातून धान्य कमी येतं त्याच वर्षी दारात भुकेली माणसं जास्त येतात. हे वक्फपत्रात कुठेच धरलेलं नव्हतं. त्यात 400 लिहिलेत, 400 च.

अशा वेळी सुरुवातीला इस्तंबूल मदतीला यायचं, गावं वाढवून द्यायचं, गव्हर्नरला हुकूम जायचे की हासेकीच्या वक्फला धान्य कमी पडू देऊ नका, वाहतुकीला मदत करा, वसुलीत कुणी आडवं आलं तर बघून घ्या. म्हणजे स्वयंपूर्ण म्हणून काढलेली संस्था खरं तर सुलतानाच्या मर्जीवर तगून होती. मर्जी आहे तोवर ठीक.

दुसरी गोष्ट, रोटी ही नोकरी झाली. शहरातले मानाचे लोक, विद्वान, सुफी, जुन्या घराण्यातले, यांनाही तकियातून रोट्या मिळायला लागल्या, सुरुवातीला आदर म्हणून. मग तो हक्क सनदेवर लिहून मिळायला लागला, अमक्याला रोज इतक्या रोट्या. मग तो बापाकडून मुलाकडे गेला, कुणी दुसऱ्याच्या नावे करून दिला. अठराव्या शतकापर्यंत परिस्थिती अशी की तकियातून जे बाहेर जातंय त्यातला मोठा भाग अशा हक्कवाल्या प्रतिष्ठित घरांना, आणि ज्यांच्या नावाने वक्फ निघाला त्या गरिबांना उरलंसुरलं.

हे चूक की बरोबर यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत आणि मी स्वतः बराच विचार केलाय. एक बाजू म्हणते की गरिबांची सरळ लूट. दुसरी बाजू म्हणते की त्या काळात गरजू म्हणजे फक्त कंगाल असं कुणी मानतच नव्हतं, घराण्याचा माणूस अडचणीत आला तर त्याला त्याच्या इभ्रतीप्रमाणे मदत मिळणं हाही धर्माचाच भाग, आणि शहरातले विद्वान इस्तंबूलशी जोडलेले राहणं हे सुलतानालाही हवंच होतं. मला दुसरी बाजू समजते, त्यात तथ्यही आहे. पण वक्फपत्रातला 400 गरिबांचा आकडा डोळ्यासमोर ठेवला की मला तरी पहिली बाजूच जड वाटते. आतल्यांनी आधी जेवायचं हा क्रम चांगल्या वर्षी निरुपद्रवी असतो, पण कोठार अर्धं असलं की तोच क्रम ठरवतो कोण उपाशी राहणार.

आणि यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, जुन्या वक्फचे हिशोब वाचताना बिघाड कसा ओळखायचा. जमा एकूण किती यापेक्षा तीन ओळी शोधायच्या. गावांकडची बाकी दरवर्षी पुढे ओढली जातेय का. दुरुस्तीचा खर्च गायब झालाय का. आणि ठरावीक लोकांच्या नावे लागलेल्या रोट्या वाढतायत का. तिन्ही एकदम दिसलं तर वरून जमा कितीही गोंडस दिसो, आतून पोकळ आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे वसुली हातातून गेली, आणि ही सगळ्यात खोलवरची.

सारा सरकारने गोळा करायला घेतला

1826 मध्ये महमूद दुसरा याने जानिसारी फौज मोडली आणि त्याच वर्षी वक्फांसाठी सरकारी खातं काढलं, मोठमोठे शाही वक्फ हळूहळू त्याच्याखाली आणले. युक्तिवाद चांगला वाटणारा होता, मुतवल्ली खातात, हिशोब नीट नाहीत, एक केंद्रीय खातं असलं की शिस्त येईल. मग तंझिमातचा, म्हणजे सरकारी सुधारणांचा काळ आला आणि करवसुली सगळी सरकारी खजिन्याकडे घ्यायचं ठरलं, त्यात वक्फच्या गावांचा दशांश, म्हणजे शेतमालावरचा सारासुद्धा. खजिना वसूल करेल आणि वक्फला त्या बदल्यात ठरलेली रक्कम देईल.

ठरलेली रक्कम. इथेच गोम आहे. खळ्यावरचा हिस्सा पिकाबरोबर आणि भावाबरोबर वरखाली होत होता, गहू महागला तर वक्फच्या कोठारातला गहूही महागत होता, म्हणजे महागाईचा फटका बसत नव्हता. ठरलेली रक्कम मात्र तिथेच राहते आणि भाव चढत जातात. त्यातून खजिना स्वतःच कायम तंगीत, तो वेळेवर आणि पूर्ण देईल ही अपेक्षाच फोल. ना कुणी गाव विकलं, ना वक्फपत्र फाडलं, तरी पातेलं अर्ध्यावर आलं.

आणि 1858 च्या जमीन कायद्याने वक्फ जमिनीचे सरळ दोन प्रकार पाडले. एक, जिथे जमीन खरोखर खासगी मालकीची होती आणि मालकाने ती वक्फ केली. दुसरा, जिथे जमीन मीरीच होती आणि सुलतानाने किंवा त्याच्या परवानगीने फक्त तिचं सरकारी उत्पन्न एखाद्या कामाला लावून दिलं. दुसऱ्या प्रकारात जमीन मीरीच राहते, शेतकऱ्याचा कसायचा, विकायचा, वारशाचा हक्क नेहमीच्या मीरी जमिनीसारखा, वक्फला फक्त कर. आता हुर्रेमची गावं कुठल्या खणात बसवायची? सनदेत बघितलं तर मालकी दिलेली आहे. पण तीनशे वर्षांच्या व्यवहारात तकियाने दशांशच घेतला होता, आणि व्यवहारात शेवटी तेवढाच शिल्लक राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश आले आणि त्यांनी ऑटोमन कायदा बराचसा तसाच ठेवला, दशांश वसुलीही तशीच ठेवली. आता मजा बघा की मुसलमानांच्या वक्फचा दशांश गोळा करणारं सरकार ख्रिस्ती आणि परकं. इस्तंबूलच्या वक्फ खात्याशी संबंध तर उरलाच नव्हता, मग 1922 मध्ये सर्वोच्च मुस्लिम कौन्सिल स्थापन झालं, अध्यक्ष हाज अमीन अल-हुसैनी, आणि वक्फांचा कारभार त्यांच्याकडे आला. कौन्सिलच्या उत्पन्नात या दशांशवाल्या वक्फांचा वाटा मोठा होता, हासेकी सुलतान त्यातलाच. वसुली मात्र सरकारची. साहजिकच दरवर्षी वाद, आकडा किती, वसुलीचा खर्च किती कापायचा, कुठल्या गावाचा किती हिस्सा वक्फचा. 1936 मध्ये अरबांचं बंड सुरू झालं आणि 1937 मध्ये सरकारने हाज अमीनला काढून वक्फचा पैसा स्वतः नेमलेल्या कमिशनकडे दिला. ज्याच्या हातात वसुली त्याच्या हातात भांडं हे मी सुरुवातीला म्हटलं ते याच्यासाठी.

याच काळात कौन्सिलने तकियाच्या वास्तूत मुस्लिम अनाथ मुलांसाठी दार अल-ऐताम काढलं, शाळा आणि हाताला कामधंदा शिकवणारे वर्ग. म्हणजे अन्नछत्राच्या जागेत शिक्षण आलं. काही लोकं म्हणतील वक्फपत्राबाहेरचं काम, पण मला हा त्या पैशाचा फार चांगला वापर वाटतो, मुलांना जेवण द्यायचंच होतं, शिकवलंही. आणि जाता जाता एक, कौन्सिलला अल-अक्सा आणि डोम ऑफ द रॉकच्या दुरुस्तीला पैसे कमी पडत होते म्हणून त्यांचं शिष्टमंडळ 1920 च्या दशकात हिंदुस्थानात फिरलं, आणि मोठी देणगी हैदराबादच्या निजामाकडून गेली. आपला मराठवाडा तेव्हा निजाम राज्यातच होता, तेव्हा त्या तिजोरीत परभणी, नांदेड, औरंगाबादच्या शेताचा साराही होताच की. एवढ्या नावाजलेल्या जागेच्या दुरुस्तीलाही बाहेर हात पसरावा लागला, यावरूनच कळतं जुनं उत्पन्न किती आटलं होतं.

1935 मध्ये ब्रिटिशांनी दशांश हा करच बंद करून त्याजागी ग्रामीण मिळकत कर आणला. ज्या कराचा हिस्सा म्हणून वक्फ जिवंत होता तो करच नाहीसा, आता जे मिळणार ते सरकारशी झालेल्या समझोत्यातून. आणि 1948 च्या युद्धात तर गावंच गेली. याझूर, बैत दजन, साफिरिया, कफर आना इथली सगळी अरब वस्ती उठली, लुदमधून जुलैमध्ये हजारो माणसं हाकलली गेली. वक्फपत्रात ज्या खळ्यांची नावं होती तिथे वाटा द्यायला कुणी उरलं नाही. तकिया आणि तिची गावं यांच्यात आता सीमारेषा होती, तकिया जॉर्डनच्या बाजूला आणि मैदान इस्रायलच्या.

आता कुणी विचारेल की मग तनकीझसारखं दुकानांच्या भाड्यावर उभं केलं असतं तर टिकलं असतं का? माझं उत्तर अर्धं हो. शहरातली मिळकत जवळ असते, डोळ्यासमोर असते, राजा बदलला तरी भाडेकरू भाडं देतोच. पण तिचं दुखणं वेगळं, दुकान जुनं होतं, दुरुस्तीला पैसा नसतो, मग मुतवल्ली दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करून देतो, भाडेकरू स्वतःच्या पैशाने बांधतो, बांधकामावर हक्क सांगतो, आणि शंभर वर्षांनी वक्फच्या हातात नाममात्र भाडं उरतं. शिवाय चारशे माणसं रोज दोनदा जेवतील एवढं उत्पन्न जेरुसलेमसारख्या लहान डोंगरी शहराच्या बाजारातून निघणं शक्यच नव्हतं. हुर्रेमला मोठं काम करायचं होतं आणि मोठा पैसा फक्त गावांच्या साऱ्यात होता. तिने त्या काळात उपलब्ध असलेला सगळ्यात मोठा झरा वळवला, तो झरा सरकारी होता हा धोका त्यात आलाच.

तकिया मात्र बंद पडली नाही. 1967 नंतर जुनं शहर इस्रायलच्या ताब्यात गेलं तरी जेरुसलेमचं इस्लामी वक्फ खातं जॉर्डनच्या औकाफ मंत्रालयाखालीच चालतं, आणि त्याच चढावर, त्याच हवेलीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात आजही जेवण शिजतं, रमजानमध्ये रांग मोठी असते. खर्च वक्फ खात्याकडून आणि देणगीदारांकडून येतो, 1552 च्या पत्रातल्या गावांकडून त्यात काहीच येत नाही.